परीक्षेच्या तोंडावर शहर बदलताना : सोबत नेता येणारी दिनचर्या

आपल्या शाळेच्या वसतिगृहात राहून गेलेल्या प्रत्येकाच्या कानात पहाटेची घंटा अजूनही असेल. पहिल्या घंटेला उठायचे, दुसऱ्या घंटेला अभ्यासाच्या खोलीत बसायचे, तिसऱ्या घंटेला न्याहारीच्या रांगेत उभे राहायचे. या दिनक्रमासाठी आपल्यापैकी कोणी कधी वेगळा निश्चय केल्याचे मला आठवत नाही. आपण नियमित होतो, एवढे मात्र आपण अभिमानाने मानत होतो. शाळा सोडून बाहेर पडल्यावर पहिल्याच वर्षी पुष्कळांच्या ध्यानात आले, की त्या नियमितपणातला मोठा वाटा आपला नव्हता. तो त्या घंटेचा होता, रांगेचा होता, शेजारी पुस्तक उघडून बसलेल्या मित्राचा होता. आपण गाव बदलले आणि घंटा मागे राहिली.

हीच गोष्ट पुढे आयुष्यात पुन्हा पुन्हा घडते. परीक्षेला चार-पाच आठवडे उरलेले असताना ती घडली, तर तिची किंमत फार मोठी असते. नोकरीचा आदेश येतो, वडिलांची बदली होते, लग्नानंतर सासरच्या शहरी जावे लागते, किंवा शेवटचा महिना पुण्यात काढावा असे घरचेच ठरवतात. वर्षभर घडी बसवलेला अभ्यास पहिल्या आठवड्यातच विस्कटतो. मग विद्यार्थी स्वतःला आळशी ठरवतो आणि पालक नव्या शहराला दोष देतात. प्रत्यक्षात दोष बहुधा दोघांचाही नसतो. जी दिनचर्या जागेला बांधलेली असते, ती जागा सुटली की सुटते. म्हणून ती कशाला बांधावी, किती लहान करावी आणि निघण्यापूर्वी तिची परीक्षा कशी घ्यावी, हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

नांदेड ते पुणे : चौतीस दिवस

आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी नांदेडला राहून राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेची तयारी करीत होती. घराजवळच्या अभ्यासिकेत तिची खिडकीशेजारची जागा ठरलेली होती. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा होता आणि डबा घरून येत असे. दिवसाला आठ तास अभ्यास होत होता. अशातच आधी दिलेल्या एका परीक्षेचा निकाल लागून पुण्यातील एका शासकीय कार्यालयात लिपिक म्हणून तिची नेमणूक झाली. रुजू होण्याचा दिवस सोमवार होता. पूर्व परीक्षा त्यानंतर चौतिसाव्या दिवशी, रविवारी होती.

तिचा फोन आला तेव्हा मी शाळेतच होतो. "जय भीम, सर. नोकरी सोडता येत नाही आणि परीक्षाही सोडवत नाही. काय करू?" रुजू होण्यास मुदतवाढ मागण्याचा विचार तिने केला होता. पण ती देणे न देणे कार्यालयाच्या हाती असते, आणि घराला पगाराची निकड होती. तेव्हा जायचे हे ठरलेच होते. निघण्यास दहा दिवस होते. त्या दहा दिवसांत काय करायचे, एवढाच प्रश्न उरला होता.

आधी वजाबाकी

तिने वहीत नव्या शहराचे वेळापत्रक आधीच लिहून ठेवले होते. पहाटे चार ते नऊ अभ्यास, मग कार्यालय, मग रात्री आठ ते बारा अभ्यास. जुने आठ तास कसेही करून त्या दिवसात बसवलेच पाहिजेत, असा तो हट्ट होता. शहर बदलणारे बहुतेक विद्यार्थी पहिली चूक इथेच करतात. असे वेळापत्रक पहिल्याच दिवशी मोडते. मोडलेले वेळापत्रक दुसऱ्या दिवशी पाळण्याची इच्छा राहत नाही.

आम्ही कागदावर साधा हिशेब मांडला. राज्य शासनाच्या कार्यालयांना फेब्रुवारी २०२० अखेरपासून पाच दिवसांचा आठवडा आहे आणि कामाची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा आहे. प्रवास, अंघोळ, जेवण आणि सात तास झोप वजा केली, तर कामाच्या दिवशी अभ्यासाला विश्वासाने सांगता येतील असे अडीच तासच उरत होते. परीक्षेपूर्वी असे पंचवीस दिवस होते. शनिवार-रविवार मिळून, परीक्षेच्या आदल्या दिवसाचा शनिवार सोडून, आठ दिवस हाती होते, आणि त्या प्रत्येक दिवशी पाच तास धरता येत होते. एकूण बेरीज एकशे अडीच तास झाली. नांदेडच्या आठ तासांच्या हिशेबाने तेवढ्याच चौतीस दिवसांत दोनशे बहात्तर तास झाले असते. म्हणजे हाती एक तृतीयांशाहून थोडा अधिक वेळ उरत होता.

हा आकडा पाहून ती गप्प झाली. पण त्या आकड्यानेच पुढचे सगळे निर्णय सोपे केले. वेळ एक तृतीयांश उरणार असेल, तर अभ्यासही एक तृतीयांशच ठरवायला हवा. कोणता, हेही त्यातून ठरले. नवे पुस्तक उघडायचे नाही. जे एकदाही वाचून झालेले नाही, ते सोडून द्यायचे. जे वाचले आहे त्याची उजळणी आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका, एवढेच करायचे. तिच्या यादीत चालू घडामोडींची दोन जाड संकलने अर्धवट होती आणि विज्ञानाचा एक भाग कोरा होता. संकलनांपैकी एकच ठेवले आणि विज्ञानाचा तो भाग खोडला. खोडताना तिला वाईट वाटले, पण ते नांदेडला शांतपणे खोडणे चांगले होते. पुण्यात चौथ्या आठवड्यात ते घाबरून खोडावे लागले असते.

एक तासिका, पन्नास मिनिटांची

नंतर आम्ही अभ्यासाचे एकक ठरवले. शाळेतला आपला शब्दच घेतला : तासिका. एक तासिका पन्नास मिनिटांची आणि तिची रचना नेहमी तीच. पहिली पाच मिनिटे कालच्या चुका वाचायच्या. पुढची तीस मिनिटे पंचवीस प्रश्न सोडवायचे. शेवटची पंधरा मिनिटे उत्तरे तपासून नव्या चुका चुकांच्या वहीत लिहायच्या.

पंचवीस आणि तीस हे आकडे सहज घेतलेले नाहीत. पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरात शंभर प्रश्न, दोनशे गुण आणि दोन तास असतात. पंचवीस प्रश्नांना तीस मिनिटे हा त्याच पेपराचा अचूक चौथा भाग आहे. त्यामुळे प्रत्येक तासिकेत परीक्षेचीच चाल पायात बसते. चुकलेल्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक चतुर्थांश गुण वजा होतात. म्हणून चुकांच्या वहीत केवळ बरोबर उत्तर लिहून भागत नाही. माहीत नव्हते, माहीत होते पण विसरले, की प्रश्नच नीट वाचला नाही, यांपैकी कोणती चूक, याची खूण एका अक्षराने करायची. 'न', 'वि' आणि 'वा' अशी तिची तीन अक्षरे होती. आठवड्याअखेरीस ती मोजली की पुढच्या आठवड्यात काय उजळायचे ते आपोआप कळते. 'वि' जास्त असतील तर उजळणी हवी. 'वा' जास्त असतील तर झोप हवी, किंवा वेग थोडा कमी करायला हवा. 'न' जास्त असतील, तर तो विषय आता सोडलेला बरा की त्यातला एखादा लहान भाग अजून धरता येईल, हे ठरवायचे.

तासिकेची रचना ठरलेली असण्याचा दुसरा लाभ नव्या शहरात कळतो. नव्या जागी मन शंभर बारीक निर्णयांत अडकलेले असते : पाणी कधी येते, बस कुठे थांबते, जेवण कुठे मिळते. त्यात 'आता काय वाचू?' हा आणखी एक निर्णय नको असतो. वही उघडली की पुढचे पन्नास मिनिटे काय करायचे ते आधीच ठरलेले असावे.

घड्याळाला नव्हे, रोजच्या क्रियेला बांधावी

तासिका ठरली, पण ती कधी करायची? नांदेडला तिचे उत्तर होते, 'सहा वाजता, खिडकीशेजारी.' यातली खिडकी पुण्याला जाणार नव्हती, आणि सहा वाजताही तिथे काय चालू असेल ते सांगता येत नव्हते.

या प्रश्नावर मानसशास्त्रात चांगले काम झाले आहे. वेंडी वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या सवयींचे काय झाले ते पाहिले. व्यायाम, वर्तमानपत्र वाचणे आणि दूरचित्रवाणी पाहणे या त्या सवयी होत्या. ज्यांच्या सवयीभोवतीची परिस्थिती नव्या ठिकाणीही जवळपास तशीच राहिली, त्यांची सवय टिकली. ज्यांची परिस्थिती बदलली, त्यांची सवय आपोआप चालेनाशी झाली, आणि पुढे ती चालायची की नाही हे त्यांच्या इच्छेवर अवलंबून राहिले. यातून आपल्या कामाचा अर्थ असा निघतो, की सवयीभोवतीचे जे नव्या शहरातही बदलणार नाही, ते आधी शोधावे आणि सवय त्याला बांधावी.

शहर बदलले तरी माणूस झोपेतून उठतो, अंघोळ करतो, दोन वेळा जेवतो, कामावरून परततो. या क्रिया सोबत येतात. म्हणून तिने घड्याळाच्या वेळा खोडल्या आणि असे लिहिले : उठल्यावर, अंघोळीपूर्वी, दोन तासिका, मध्ये दहा मिनिटे. कामावरून परतल्यावर, जेवणापूर्वी, एक तासिका. कामाच्या दिवशी एवढ्या तीनच, म्हणजे अडीच तास. शनिवार-रविवारी सहा.

निघण्यापूर्वीची परीक्षा

दहा दिवसांपैकी तीन दिवस तिने अभ्यासिकेत जायचे नाही असे ठरवले. एक तासिका मावशीच्या घरी, मुले खेळत असताना केली. एक बसस्थानकाच्या बाकावर केली, आणि एक घराच्या गच्चीवर. या चाचणीत जे जमले नाही ते पुण्याला न्यायचे नाही, असा नियम होता.

बसस्थानकावर भिंतीवरचा नकाशा निरुपयोगी ठरला. राज्यशास्त्राचे लक्ष्मीकांत यांचे जाड पुस्तक मांडीवर धरून टिपा काढणेही जमले नाही. प्रश्नसंच, उत्तरतालिका, चुकांची वही आणि मनगटी घड्याळ मात्र कुठेही चालले. नकाशाऐवजी तिने नद्या, घाट आणि जिल्हे दाखवणारे सहा लहान नकाशे वहीच्या पानांवर हाताने काढले. जाड पुस्तकातली फक्त स्वतःची संक्षिप्त टिपणे घेतली. अशा रीतीने सारा अभ्यास एका खांद्यावरच्या पिशवीत मावला : प्रत्येक विषयाची एक उजळणीची वही, मागील प्रश्नपत्रिकांचा एक गठ्ठा, चुकांची वही, घड्याळ आणि कानात घालायचे कापसाचे बोळे. बाकीची पुस्तके नांदेडलाच राहिली. नव्या खोलीत आठ पुस्तके समोर रचलेली असली की नववे काम त्यांच्याकडे पाहून घाबरण्याचे असते, हे तिचेच वाक्य आहे.

जागा बदलल्याने पाठ केलेले विसरेल, ही भीती अनेकांना असते. तिलाही होती. १९७८ मध्ये स्टीव्हन स्मिथ, आर्थर ग्लेनबर्ग आणि रॉबर्ट बियोर्क यांनी केलेला एक प्रयोग या बाबतीत दिलासा देतो. काही जणांनी शब्दांची एक यादी एकाच खोलीत दोनदा पाठ केली, काहींनी दोन वेगळ्या खोल्यांत. नंतर तिसऱ्याच जागी विचारल्यावर दोन खोल्यांत पाठ केलेल्यांना जास्त शब्द आठवले. शब्दांच्या यादीवरून सगळ्या अभ्यासाचा निष्कर्ष काढू नये, हे खरे. तरीही परीक्षागृह हे प्रत्येकासाठी तिसरेच ठिकाण असते. निरनिराळ्या जागी उजळणी केली म्हणून तिथे नुकसान होईल असे मानण्याचे कारण नाही.

कागदपत्रे आणि केंद्र

अभ्यासाच्या पिशवीइतकेच एका पाकिटाला महत्त्व होते. त्यात मूळ ओळखपत्र, त्याच्या छायाप्रती, छायाचित्रे आणि परीक्षेच्या अर्जाची प्रत होती. हे पाकीट सामानाच्या खोक्यात न टाकता अंगावरच्या पिशवीत ठेवायचे. परीक्षेला मूळ ओळखपत्र लागते, आणि नव्या नोकरीत रुजू होतानाही तेच लागते. एका गडबडीत ते कार्यालयाच्या फायलीत गेले तर दुसऱ्या वेळी हाती नसते. म्हणून रुजू होताना मूळ दाखवून लगेच परत घ्यायचे आणि छायाप्रतच जमा करायची.

याहून मोठी चूक होता होता राहिली. 'आता पुण्यात आहे, तर केंद्र पुणेच मिळेल,' असे ती गृहीत धरून होती. पण अर्जात निवडलेले जिल्हा केंद्र नंतर साधारणतः बदलून मिळत नाही. तिचे केंद्र नांदेडच होते. तेव्हा परीक्षेच्या आधीच्या शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीचे आरक्षण निघण्यापूर्वीच केले. शनिवारी सकाळी नांदेडला पोहोचायचे आणि रात्र आपल्याच घरी काढायची. अनोळखी जागी पहिल्या रात्री झोप उथळ लागते, हे निद्राशास्त्रातले जुने निरीक्षण आहे. म्हणून पेपराच्या आदली रात्र ओळखीच्या अंथरुणावर मिळाली तर सोडू नये. याच कारणाने पुण्याला जातानाही ती रविवारी रात्री न पोहोचता शनिवारी दुपारी पोहोचली. दोन रात्री आधी मिळाल्यामुळे सोमवारचा पहिला दिवस पेंगत गेला नाही. आधी केलेल्या अर्जाची आणि परीक्षेच्या तारखेची लेखी माहिती तिने रुजू होतानाच कार्यालयाला दिली आणि परीक्षेनंतरच्या सोमवारची रजा मागून ठेवली.

पहिला आठवडा : पंधरापैकी सहा

पुण्यात तिला कॉटबेसिसवर जागा मिळाली. एका खोलीत चौघी, आणि स्नानगृह दोन खोल्यांत मिळून एक. पहिल्या पाच दिवसांत ठरवलेल्या पंधरा तासिकांपैकी सहाच झाल्या. शुक्रवारी रात्री ती फोनवर रडली.

आकडे लिहून ठेवलेले होते, म्हणून कारण शोधता आले. सकाळची पहिली तासिका पाचही दिवस झाली होती. सकाळची दुसरी एकदाही झाली नव्हती. संध्याकाळची फक्त एकदा झाली होती. म्हणजे सगळी दिनचर्या मोडलेली नव्हती. दोन ठिकाणी सांधा निखळला होता.

सकाळी सहापासून स्नानगृहाबाहेर रांग लागत असे. 'अंघोळीपूर्वी' असे लिहिल्यामुळे ती तासिका करीत बसे, आणि उठेपर्यंत पुढे सहा जणी असत. मग दुसरी तासिका रांगेत उभे राहण्यात जाई. उपाय एका शब्दाचा होता : 'अंघोळीपूर्वी' ऐवजी 'अंघोळीनंतर'. पाचला उठून, रांग लागण्यापूर्वी अंघोळ उरकून घ्यायची आणि मग दोन्ही तासिका सलग करायच्या.

संध्याकाळी खोलीत पाऊल टाकले की पिशवी खाली ठेवली जाई आणि मैत्रिणींच्या गप्पा सुरू होत. त्यांचा दोष नव्हता. दिवसभराच्या थकव्यानंतर तीच त्यांची विश्रांती होती. मग मेसची वेळ होई. यावर तिने खोलीत जाण्याआधीच तासिका करायचे ठरवले. बसथांब्यावरून खोलीकडे जाणाऱ्या वाटेवरच एक अभ्यासिका होती. तिथे तिने एका महिन्यापुरती जागा घेतली. पेठांमधल्या नावाजलेल्या अभ्यासिका तिने मुद्दाम टाळल्या, कारण तिथवर जाऊन येण्यातच एक तासिका गेली असती. चांगली अभ्यासिका शोधण्यात चौथा-पाचवा दिवस जात असेल, तर तो शोधच अभ्यासाची जागा घेत आहे असे समजावे. वाटेवरची, पुरेसा उजेड असलेली आणि बसायला जागा देणारी अभ्यासिका चार आठवड्यांपुरती पुरते.

दुसऱ्या आठवड्यात पंधरापैकी दहा तासिका झाल्या, तिसऱ्यात तेरा, चौथ्यात बारा. पाचव्या आठवड्यात शुक्रवारी रात्रीच प्रवास होता, तरी अकरा झाल्या. शनिवार-रविवारच्या अठ्ठेचाळीसपैकी एक्केचाळीस झाल्या. एकूण एकशे तेवीसपैकी त्र्याण्णव.

बिघाड कसा ओळखावा

पहिल्या आठवड्यात निम्म्याहून कमी तासिका होणे हा बिघाड मानू नये. नव्या जागेचा तो खर्च आहे, आणि निघण्यापूर्वीच तो गृहीत धरावा. खरा बिघाड तीन खुणांनी कळतो. एक, चुकांची वही सलग दोन दिवस उघडलेली नाही. दोन, एकच तासिका तीन दिवस ओळीने बुडते, तरी तिचा सांधा बदललेला नाही. तीन, बुडालेल्या तासिका रविवारी एकदम भरून काढण्याचा बेत होऊ लागतो. तिसरी खूण सर्वांत धोक्याची आहे. बुडालेली तासिका परत मिळवायची नाही, ती गेली असे समजायचे. एकदा ती उधारी सुरू झाली की रविवारी दहा तासिकांचे ओझे येते, झोप कापली जाते आणि सोमवार पुन्हा बुडतो.

रविवारचे आणखी एक काम होते. शेवटचे तीन रविवार तिने परीक्षेसारखे घालवले. सकाळी पहिला पेपर दोन तास, दुपारी दुसरा पेपर दोन तास, आणि मधल्या वेळेत परीक्षेच्या दिवशी खाणार तेच हलके जेवण. दुसऱ्या पेपरात ऐंशी प्रश्न असतात आणि तो तेहेतीस टक्क्यांच्या पात्रतेचा असतो, म्हणून पुष्कळ जण त्याकडे दुर्लक्ष करतात. पण पात्रता हुकली तर पहिल्या पेपरातले गुण वाया जातात. दिवसभर कार्यालयात बसून थकलेल्या माणसाचे उतारे वाचताना लक्ष कुठे सुटते, हे दुपारच्या सरावाशिवाय कळत नाही. तिच्या वहीत 'वा' हे अक्षर दुपारच्या पेपरातच दाटीने आले. त्यावरून तिने दुपारी उतारे आधी न घेता गणिताचे प्रश्न आधी घेण्याचे ठरवले.

घरच्यांसाठी थोडेसे

पालकांना या काळात मुलाची काळजी वाटते आणि ती फोनमधून व्यक्त होते. पहिल्या आठवड्यात तिच्या आईचे दिवसातून चार फोन येत. जेवलीस का, पोहोचलीस का, खोली कशी आहे, अभ्यास झाला का. प्रत्येक फोन दोनच मिनिटांचा असे, पण संध्याकाळची तासिका त्यातच तुटे. मग मायलेकींनी रात्री जेवणानंतरची एकच वेळ ठरवली. तिच्या बाबांनी एक चांगली गोष्ट केली. 'अभ्यास किती झाला?' हे विचारणे त्यांनी सोडले आणि 'आज किती तासिका?' एवढेच विचारू लागले. 'दोन' हे उत्तर देणे सोपे असते. त्यात खोटे बोलावे लागत नाही आणि लाजही वाटत नाही.

शेवटचा महिना मुलाला मुद्दाम पुण्यास पाठवावे काय, असेही पालक विचारतात. वरील हिशेब पाहता माझे उत्तर असे आहे : जाणे अटळ असेल तर तयारीने जावे, पण केवळ वातावरणासाठी शेवटच्या पाच आठवड्यांत शहर बदलू नये. त्यातला पहिला आठवडा जागेलाच द्यावा लागतो. जायचेच असेल तर चार-सहा महिने आधी जावे.

तिचे पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. पूर्व परीक्षा ती थोड्या गुणांनी उत्तीर्ण झाली. मुख्य परीक्षेत त्या वर्षी यश आले नाही. आज ती पुण्यातच नोकरी करते आणि पुढच्या परीक्षेची तयारी करते. नांदेडहून नेलेली ती पिशवी अजून तिच्याजवळ आहे. दिवसाच्या तीन तासिका आता अंघोळीनंतर आणि खोलीत जाण्याआधी ठरल्या जागी होतात. मागच्या दिवाळीत ती शाळेत आली होती, तेव्हा पहाटेची घंटा झाल्यावर मी तिला पाहिले. ती आधीच उठून, अंघोळ उरकून, व्हरांड्यात चुकांची वही उघडून बसली होती.